चार्जरच्या पोटातली सहा मिलिमीटर

भिंतीवरच्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात आणि मोबाइलच्या वायरच्या टोकाला पाच. हा सगळा उतार मुठीत मावेल एवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत होतो. मोबाइल चार्जिंगला लावलेला असताना आपण तो हातात धरतो, कानाला लावतो, उशाशी ठेवून झोपतो. त्या वेळी आपलं शरीर आणि घरातली वीज यांच्यामध्ये असतं ते फक्त त्या डबीच्या आतलं काम. ते काम नीट झालं आहे की नाही हे बाहेरून जवळजवळ कळत नाही. आत पाहिलं तर मात्र चांगल्या आणि वाईट चार्जरमधला फरक इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या माणसालाही दिसू शकतो. कुठे पाहायचं तेवढं माहीत हवं.

माझ्या टेबलावर आत्ता दोन बंद पडलेले चार्जर उघडून ठेवले आहेत. दोघांच्याही अंगावर पाच व्होल्ट, दोन अँपिअर असं छापलेलं आहे. एक मोबाइलच्या खोक्यातून आलेला, दुसरा स्टेशनबाहेरच्या गाडीवरून घेतलेला. दोघांचे बोर्ड काढून उलटे ठेवले, म्हणजे सोल्डरची बाजू वर केली, की पहिल्याच नजरेत एक गोष्ट दिसते. पहिल्या बोर्डाच्या मधोमध एक रिकामा पट्टा आहे. तिथे तांब्याची एकही रेघ नाही, सोल्डरचा एकही थेंब नाही. पट्टीने मोजला तर तो सहा मिलिमीटरहून थोडा जास्तच भरतो. दुसऱ्या बोर्डावर असा पट्टाच नाही. इकडची तांब्याची रेघ आणि तिकडची रेघ एका जागी इतक्या जवळ येतात की मध्ये जेमतेम नखाची कड मावेल.

तो रिकामा पट्टा का सोडायचा, हे समजलं की चार्जरचं निम्मं शास्त्र समजलं.

दोन बाजू, मध्ये तार नाही

प्लगमधून आलेली वीज आधी डायोडमधून जाते आणि एकाच दिशेने वाहू लागते. मग ती एका जाड कपॅसिटरमध्ये साठते. २३० हा आकडा सरासरीच्या हिशोबाचा आहे. लाट शिखरावर असते तेव्हा दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो आणि कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो. म्हणजे चार्जरच्या पहिल्या भागात प्लगपेक्षाही जास्त व्होल्ट असतात. पुढे एक ट्रान्झिस्टर हा दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरला देतो. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वेटोळ्यात कमी दाबाची वीज तयार होते, ती पुन्हा सरळ करून, गाळून मोबाइलकडे जाते.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की या दोन बाजूंना जोडणारी तार कुठेच नसते. ऊर्जा पलीकडे जाते ती चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने. पलीकडे नेमके किती व्होल्ट झाले हा निरोप परत अलीकडे यायचा असेल तर चांगल्या चार्जरमध्ये तोही बहुतेक वेळा प्रकाशाने येतो. ऑप्टोकपलर नावाच्या चार पायांच्या छोट्या काळ्या तुकड्यात एका बाजूला दिवा असतो, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग आणि मध्ये पारदर्शक इन्सुलेशन. दुरुस्ती करणारे यातल्या प्लगकडच्या बाजूला प्रायमरी म्हणतात आणि मोबाइलकडच्या बाजूला सेकंडरी. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंगची तिसरी पिन नसते. त्यामुळे काही बिघडलं तर वीज जमिनीत उतरवून द्यायची सोय नाही. सगळी भिस्त या दोन बाजू वेगळ्या राहण्यावर.

एवढं अंतर कशाला?

इथे कोणालाही शंका येईल. ३२५ व्होल्टची ठिणगी हवेतून सहा मिलिमीटर उडी मारूच शकत नाही. एक मिलिमीटर कोरडी हवा ओलांडायलाही तीन हजारांच्या आसपास व्होल्ट लागतात. मग अर्धा मिलिमीटर पुरे झालं असतं की.

पुरत नाही, आणि त्याचं पहिलं कारण म्हणजे घरातली वीज नेहमी २३० व्होल्टवर राहत नाही. जवळपास कुठे वीज पडली, डीपीवर काही बिघाड झाला, शेजारची मोठी मोटर बंद झाली, की तारेतून क्षणभर मोठा झटका येतो. घरगुती उपकरणांनी असा अडीच हजार व्होल्टचा झटका सहन करावा असं आंतरराष्ट्रीय मानकं गृहीत धरतात. माणूस आणि मेन्स यांच्यामधल्या इन्सुलेशनला तर त्याहूनही वरचं, दुपटीच्या हिशोबाचं बंधन असतं.

दुसरं कारण आपल्याकडे जास्त लागू पडतं. वीज हवेतून उडी मारते त्यापेक्षा सहज ती पृष्ठभागावरून सरपटते. चार्जर वर्षानुवर्षं बोर्डाला लावलेला असतो. आत बारीक धूळ जाते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, त्या धुळीला ओल धरते. समुद्राजवळ तिच्यात क्षारही असतात. अशा ओलसर थरातून अगदी थोडा प्रवाह झिरपायला लागतो. तो जिथून जातो तिथला बोर्ड किंचित भाजतो, काळा पडतो. काळा पडलेला भाग म्हणजे कार्बन आणि कार्बनमधून वीज जाते. पुढच्या खेपेला वाट आणखी सोपी होते. कित्येक महिने काहीच होत नाही आणि एके दिवशी दोन बाजू जोडल्या जातात.

म्हणून मानकांमध्ये दोन वेगळी अंतरं मोजतात, एक हवेतून सरळ आणि एक पृष्ठभागावरून. आपल्या २३० व्होल्टच्या चार्जरसाठी पृष्ठभागावरचं अंतर किमान पाच मिलिमीटर धरलं जातं आणि चांगले डिझायनर सहा ते आठपर्यंत जागा सोडतात. बोर्ड लहान असला तर मध्ये आरपार चीर पाडतात. माझ्या टेबलावरच्या चांगल्या बोर्डात ऑप्टोकपलरच्या पोटाखाली अशी एक चीर आहे. चीर असली की धूळ बसायला पृष्ठभागच उरत नाही आणि विजेला लांबचा वळसा घ्यावा लागतो. हल्लीचे छोटे पण जास्त वॅटचे चार्जरही याच युक्त्यांनी सुरक्षित राहतात. त्यांच्यात चिरा असतात, मध्ये प्लॅस्टिकचे पडदे असतात, कधी आतली सगळी जागा इन्सुलेशनच्या रबरी लगद्याने भरलेली असते. म्हणजे चार्जर लहान आहे म्हणून वाईट, असं समीकरण नाही.

सीमा ओलांडणारे भाग

बोर्डावरचं अंतर राखलं तरी काम संपत नाही, कारण काही भाग त्या पट्ट्यावर पाय टाकून उभे राहतातच. प्रत्येकाला तीच कसोटी लागते.

पहिला म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्याच्यात प्रायमरीची आणि सेकंडरीची वेटोळी एकाच गाभ्यावर एकमेकांच्या अंगावर गुंडाळलेली असतात. तांब्याच्या तारेवरचं नेहमीचं एनॅमल पातळ असतं, त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं असू शकतात, गुंडाळताना ते खरवडतं. म्हणून चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळ्यांच्या मध्ये पिवळ्या टेपचे अनेक थर असतात आणि सेकंडरीसाठी सहसा तिहेरी इन्सुलेशनची खास तार वापरतात. वाईट चार्जरचा ट्रान्सफॉर्मर उलगडला की टेपचा एखादाच वेढा निघतो आणि त्याखाली दोन्हीकडे साधी एनॅमलची तार. ही चलाखी बोर्ड उलटा करूनही दिसत नाही. ट्रान्सफॉर्मर सोडवून पाहावा लागतो.

दुसरा भाग म्हणजे निळ्या गोळीसारखा दिसणारा एक चपटा कपॅसिटर. त्याचा एक पाय प्रायमरीत असतो आणि दुसरा सेकंडरीत. दोन बाजू इतक्या जपून वेगळ्या ठेवायच्या आणि मग स्वतःच मध्ये कपॅसिटर जोडायचा, हे विचित्र वाटेल. पण त्याला कारण आहे. ट्रान्झिस्टरच्या वेगवान चालू-बंदमुळे जो विद्युत गोंगाट पलीकडे जातो, त्याला परत यायला वाट द्यावी लागते. ती नसली तर तो गोंगाट मोबाइलच्या पडद्यापर्यंत पोचतो. चार्जिंगला लावल्यावर टच वेडावाकडा चालायला लागतो, बोट एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे उमटतं, त्यामागे बरेचदा हेच असतं.

हा कपॅसिटर कसा असावा यावर मात्र माणसाचा जीव अवलंबून असतो. तो शॉर्ट झाला तर मेन्स थेट मोबाइलच्या धातूवर येते. त्यामुळे या जागेसाठी ‘वाय’ वर्गाचे कपॅसिटर खास बनवतात. त्यातला वाय-१ दर्जाचा कपॅसिटर आठ हजार व्होल्टच्या झटक्याच्या परीक्षेतून गेलेला असतो. त्याच्या छोट्या अंगावर तो दर्जा आणि दोन-चार तपासणी संस्थांच्या खुणा दाटीवाटीने छापलेल्या असतात. माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या चार्जरमध्येही त्या जागी निळी गोळी आहे. तिच्यावर फक्त १०२ आणि एक किलोव्होल्ट एवढंच लिहिलं आहे. हा हजार व्होल्टचा साधा सिरॅमिक कपॅसिटर. रोजच्या दाबात तो वर्षभर तग धरेल, पण वादळाच्या रात्री अडीच हजारांचा झटका आला की त्याची हमी कोणी देत नाही.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवताना हलकी झिणझिण जाणवते ती याच कपॅसिटरमुळे. त्याचाही हिशोब मांडता येतो. एक नॅनोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवर सुमारे ०.०७ मिलिअँपिअर प्रवाह जातो. अशा उपकरणासाठी मर्यादा ०.२५ मिलिअँपिअरची आहे. त्यामुळे चांगल्या चार्जरवरही थोडी झिणझिण जाणवू शकते आणि तिने इजा होत नाही. पण स्वस्तातल्या चार्जरवर ती पूर्वी नसताना अचानक सुरू झाली किंवा झटका बसला, तर तो चार्जर त्याच क्षणी काढावा.

फ्यूज कोणाला वाचवतो?

चार्जरमध्ये फ्यूज असला की शॉक लागणार नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे आणि आकड्यांनी लगेच कळतो. ओल्या हाताच्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध एक हजार ओम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर जातील. हृदयाची लय बिघडवायला याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो. घरातला चांगला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला तुटतो तो म्हणूनच. चार्जरमधला फ्यूज असतो एक-दोन अँपिअरचा. २३० मिलिअँपिअर त्याला जाणवणारही नाहीत. माणसाला वाचवतो तो मधला रिकामा पट्टा. फ्यूजचं काम वेगळं, आग लागू न देण्याचं.

चार्जरमधला ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा बहुतेक वेळा तो आरपार शॉर्ट होतो. मग मेन्सची वीज डायोडमधून सरळ धावत सुटते. फ्यूज असला तर तो क्षणार्धात वितळतो आणि चार्जर नुसता मरतो. फ्यूज नसला तर प्रवाह थांबवायला घरातला एमसीबी उरतो. तो सोळा-वीस अँपिअरचा असतो आणि तो पडेपर्यंत बोर्डावरची पातळ तांब्याची रेघ लाल होते, बोर्ड जळतो. कवचाचं प्लॅस्टिक आग विझवणाऱ्या प्रकारचं नसेल तर पेट घेतं.

चांगल्या बोर्डात प्लगच्या पिनांना लागूनच काळा चौकोनी किंवा काचेच्या नळीचा फ्यूज दिसतो. लहान चार्जरमध्ये त्याच्या जागी फ्यूज होणारा खास रेझिस्टर चालतो. जास्त प्रवाह झाला की तो न पेटता तुटतो, त्याचं वेष्टणच तसं असतं. माझ्याकडच्या दुसऱ्या बोर्डावर फ्यूजची जागा छापलेली आहे, त्यावर अक्षरंही आहेत. पण तिथे फ्यूजऐवजी तारेचा तुकडा सोल्डर केला आहे. म्हणजे ज्याने बोर्ड आखला त्याने फ्यूजचा विचार केला होता आणि ज्याने जोडला त्याने तो काढून टाकला.

कपॅसिटरचं आयुष्य

आता राहिले ते डब्याच्या आकाराचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. पाण्याची टाकी नळाला एकसारखी धार देते तसं ते लाटांच्या मधल्या खळग्यांत साठा पुरवून दाब स्थिर ठेवतात. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू उडून जातो. चार्जर किती वर्षं टिकणार हे बहुतेक वेळा यांच्यावर ठरतं.

त्यांच्या अंगावर तापमान छापलेलं असतं, ८५ किंवा १०५ अंश. समजा चांगल्या चार्जरमधल्या कपॅसिटरला १०५ अंशांवर २,००० तासांचं आयुष्य दिलं आहे आणि स्वस्तातल्याला ८५ अंशांवर १,००० तासांचं. साधा नियम असा की तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. चार्जरच्या आत ६५ अंश असतील तर पहिल्याचं आयुष्य चार वेळा दुप्पट होऊन ३२,००० तास होतं, दुसऱ्याचं दोन वेळा दुप्पट होऊन ४,००० तास. रोज आठ तास चार्जर लावला तर पहिला जवळजवळ अकरा वर्षं पुरेल आणि दुसरा दीड वर्षही नाही. विदर्भातल्या मे महिन्यात आतलं तापमान दहा अंशांनी वाढलं तर दोघांचंही आयुष्य निम्म्यावर येतं. पहिल्याला ते परवडतं, दुसऱ्याचे आठच महिने उरतात.

आयुष्य संपलं म्हणजे कपॅसिटर त्याच दिवशी फुटतो असं नाही. त्याची साठवण कमी होते, आतला रोध वाढतो, त्यामुळे तो आणखी तापतो. शेवटी त्याचा सपाट माथा फुगतो आणि कधी तिथून तपकिरी चिकट द्रव येतो. बाहेर याची चिन्हं म्हणजे चार्जिंग रेंगाळतं, चार्जर पूर्वीपेक्षा गरम होतो किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज करतो. शिवाय स्वस्तातल्या मालात जुन्या बोर्डांवरून काढलेले किंवा मोठ्या वेष्टणात लहान भरलेले कपॅसिटरही मिळतात. त्यामुळे अंगावर छापलेल्या आकड्यावरही पूर्ण विसंबता येत नाही.

घेताना आणि वापरताना

हे सगळं दुकानात उघडून पाहता येत नाही, आणि वरून हुबेहूब दिसणारी नक्कल करणं अवघड नाही. २०१६मध्ये यूएल या तपासणी संस्थेने आयफोनचे ४०० बनावट चार्जर तपासले होते. त्यातले ३९७ नापास झाले आणि बारा तर इतके वाईट बनवलेले होते की त्यांनी माणूस दगावला असता.

आपल्याकडे चार्जरला भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी सक्तीची आहे. चार्जरच्या अंगावर बीआयएसची खूण, त्याबरोबर मानकाचा क्रमांक, बहुतेक चार्जरवर आयएस १३२५२, आणि इंग्रजी ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. नुसती खूण पाहून थांबू नका, ती कोणीही छापू शकतो. बीआयएस केअर हे ॲप उघडून तो क्रमांक घाला. समोर येणारं कारखान्याचं आणि वस्तूचं नाव हातातल्या चार्जरशी जुळलं पाहिजे. क्रमांक सापडला नाही, किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर चार्जर परत करा. त्याबरोबर चौकोनात चौकोन अशी खूणही शोधा. अर्थिंगशिवाय दुहेरी इन्सुलेशनवर चालणाऱ्या उपकरणाची ती खूण असते.

आत पाहण्याची इच्छा असेल तर मेलेला, निदान तासभर प्लगमधून काढून ठेवलेला चार्जरच घ्या. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट काही काळ शिल्लक राहतात, म्हणून त्याच्या पायांना हात लावू नका. बोर्ड उलटा करून रिकामा पट्टा शोधा आणि पट्टीने मोजा. त्यावर पाय टाकलेल्या निळ्या गोळीवरची अक्षरं वाचा. पिनांजवळ फ्यूज आहे का पाहा, कपॅसिटरवरचं तापमान वाचा. उघडलेला चार्जर पुन्हा जोडून वापरू मात्र नका. कवच एकदा फुटलं की तेही इन्सुलेशन गेलं.

या चार गोष्टींपैकी फ्यूज, वाय वर्गाचा कपॅसिटर आणि १०५ अंशांचे कपॅसिटर यांना थोडे पैसे पडतात. चौथीला, म्हणजे सहा मिलिमीटरच्या मोकळ्या जागेला, सुट्या भागांचा एक पैसाही पडत नाही. ती न सोडणाऱ्याने माणसाच्या जिवाचा विचारच केलेला नसतो, आणि मग बाकीच्या तीन जागीही त्याने तो केला असेल असं मानायला आधार राहत नाही. असा चार्जर घरात सापडला तर तो कामवाल्या ताईंना किंवा गावी कुणाला देऊ नका. वायर कापा आणि ई-कचऱ्यात टाका.